डाव आपल्या बाजूचा, पण लावायचे किती?

व्हिक्टर हगानी आणि रिचर्ड ड्यूई या दोघांनी काही वर्षांपूर्वी एक साधा खेळ मांडला आणि त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध केले. खेळायला ६१ जण होते. त्यांत अर्थशास्त्र आणि फायनान्स शिकणारे विद्यार्थी होते, तसे गुंतवणुकीच्या क्षेत्रात नुकतेच नोकरीला लागलेले तरुणही होते. प्रत्येकाला खरेखुरे २५ डॉलर देण्यात आले. संगणकाच्या पडद्यावरचे नाणे उडवायचे, छापा की काटा ते आधी सांगायचे आणि जवळच्या पैशांतले हवे तेवढे त्यावर लावायचे. अंदाज बरोबर आला तर जेवढे लावले तेवढेच वर मिळत, चुकला तर लावलेले गेले. वेळ अर्ध्या तासाची. शेवटी जे उरेल ते घरी न्यायचे. वरची मर्यादा मात्र २५० डॉलर.

आणि एक गोष्ट आधीच उघड सांगितली होती. नाणे सरळ नाही, छापा पडण्याची शक्यता ६० टक्के आहे.

म्हणजे डाव खेळणाऱ्याच्या बाजूचा, हे खेळणाऱ्यालाही ठाऊक. अर्ध्या तासात नाणे तीनशेएक वेळा उडवता येत होते. समजून खेळले असते तर बहुतेक सगळे २५० डॉलर खिशात घालून घरी गेले असते. प्रत्यक्षात २८ टक्के लोकांचे पैसे साफ बुडाले. एक तृतीयांश लोकांकडे सुरुवातीपेक्षाही कमी उरले. २५० चा आकडा गाठला तो फक्त २१ टक्के लोकांनी. दोन तृतीयांश लोकांनी कधी ना कधी काट्यावर पैसे लावले, म्हणजे जाणूनबुजून ४० टक्क्यांच्या बाजूने गेले. पण खरा घात झाला तो रकमेत. १८ जणांनी तर एखाद्या फेकीवर जवळचे सगळेच्या सगळे लावले होते.

छाप्यावर लावायचे हे उत्तर सोपे आहे. किती लावायचे, हा प्रश्न तसा नाही. पण त्यालाही एक नेमके उत्तर आहे. या नाण्यासाठी ते आहे जवळच्या पैशांच्या २० टक्के, दर वेळी. पंचवीस का नाही, चाळीस का नाही, सगळेच का नाही, हे पाहण्यासारखे आहे.

आधी टोकाचा मार्ग घेऊ. हजार माणसे आहेत, प्रत्येकाकडे १०,००० रुपये आहेत आणि प्रत्येक जण दहा फेकींत दर वेळी सगळे पैसे छाप्यावर लावतो. दहाही वेळा छापा पडण्याची शक्यता हजारात सुमारे सहा. त्या सहा जणांचे पैसे दहा वेळा दुप्पट होऊन प्रत्येकी १ कोटी २ लाख ४० हजार होतात. उरलेल्या ९९४ जणांकडे दमडीही राहत नाही. आता हजार जणांची सरासरी काढली तर ती माणशी सुमारे ६२,००० रुपये भरते, म्हणजे सुरुवातीच्या सहापट. 'सरासरी नफा सर्वांत जास्त' ही कसोटी लावली तर सगळे पैसे लावण्यासारखा उत्तम मार्ग नाही. फक्त ही सरासरी कोणाच्याच हाती पडत नाही. ती त्या सहा जणांच्या तिजोरीत आहे, आणि हे सहा जण कोण असतील हे आधी कोणालाच कळत नाही.

म्हणून प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारावा लागतो. खेळ पुन्हा पुन्हा खेळायचा आहे आणि एकाच माणसाला खेळायचा आहे. मग त्याच्या गाठीचे पैसे दीर्घकाळात सर्वांत वेगाने कशाने वाढतील?

दहा फेकी घ्या आणि नशीब ना चांगले ना वाईट असे धरा. सहा छापे, चार काटे. क्रम कसाही असो, कारण प्रत्येक वेळी पैसे ठरावीक टक्क्यांनी वाढतात किंवा घटतात, आणि गुणाकारात क्रमाला महत्त्व नसते. चार काट्यांसमोर चार छापे ठेवले तर वाटते की त्यांची फिटंफाट झाली. तशी ती होत नाही. दर वेळी निम्मे पैसे लावणाऱ्याचे १०० रुपये जिंकल्यावर १५० होतात आणि पुढच्या हरण्यात ७५ वर येतात. एक जिंकला, एक हरला, आणि २५ रुपये गेले. २० टक्के लावणाऱ्याचे १०० चे १२० होतात आणि १२० चे ९६. त्याचे चारच रुपये गेले.

ही गळती म्हणजे या सगळ्या हिशोबाचे मर्म. तिचा नियम असा की लावायची टक्केवारी दुप्पट केली तर गळती चौपट होते. १० टक्के लावले तर जोडीमागे शंभरातला १ रुपया गळतो, २० टक्क्यांना ४, ४० टक्क्यांना १६. उलट नाणे आपल्या बाजूचे असल्यामुळे जे दोन जादा छापे मिळतात, त्यांचा लाभ साधारण लावलेल्या टक्केवारीच्याच प्रमाणात वाढतो. लाभ पायरी पायरीने चढतो, गळती उड्या मारत येते. कुठेतरी ती लाभाला गाठणार हे ठरलेलेच.

आकडे मांडले की ते गाठणे डोळ्यांना दिसते. १०,००० रुपयांपासून सुरुवात आणि शंभर फेकींत ६० छापे, ४० काटे. दर वेळी १० टक्के लावणाऱ्याकडे शेवटी सुमारे ४५,००० रुपये असतात. २० टक्के लावणाऱ्याकडे सुमारे ७५,०००. ४० टक्के लावणाऱ्याकडे ७,८००, म्हणजे मुद्दलातच खोट. आणि निम्मे लावणाऱ्याकडे उरतात ३३४ रुपये. चौघांनीही तेच नाणे उडवले, तितकेच छापे मिळवले, साठ वेळा जिंकले. फरक पडला तो फक्त रकमेने.

वाढीचा आलेख टेकडीसारखा आहे. शून्यापासून चढत जातो, २० टक्क्यांवर माथा येतो, आणि चाळिशीच्या थोडे अलीकडे तो पुन्हा जमिनीला टेकतो. त्यापुढे खड्डा आहे. माथ्याच्या दुप्पट लावणारा माणूस काहीच न लावणाऱ्याच्या बरोबरीला येतो, किंबहुना त्याच्याही खाली.

हा माथा शोधून काढणारा माणूस जुगारी नव्हता. जॉन लॅरी केली हा टेक्सासचा, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलात वैमानिक होता आणि नंतर न्यू जर्सीतल्या बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत संशोधक झाला. तिथे त्याचा सहकारी होता क्लॉड शॅनन, ज्याने १९४८ साली माहिती मोजायची कशी हे जगाला दाखवले होते. तारेवरून संदेश जाताना त्यात खरखर मिसळते, काही अक्षरे चुकतात; अशा तारेतून खात्रीची माहिती जास्तीत जास्त किती वेगाने जाऊ शकते, हे शॅननने काढले होते. केलीने त्या तारेच्या टोकाशी एक जुगारी बसवला. त्याला निकाल इतरांच्या आधी कळतो, पण तार खरखरती असल्यामुळे दहातली काही खबर चुकीची येते. त्याने दर वेळी किती पैसे लावावेत?

१९५६ साली बेल लॅब्जच्या नियतकालिकात आलेल्या लेखात केलीने दाखवले की उत्तम रीतीने पैसे लावले तर ते ज्या कमाल वेगाने वाढतात, तो वेग आणि त्या तारेवरून माहिती येण्याचा कमाल वेग एकच असतो. लेखाच्या मूळ शीर्षकात जुगाराचा उल्लेख होता. टेलिफोन कंपनीला तो अडचणीचा वाटला आणि शीर्षक बदलले गेले. केली १९६५ मध्ये, अवघ्या ४१ व्या वर्षी, पक्षाघाताने वारला.

त्याचे सूत्र एका ओळीचे आहे.

f = p − q/b

इथे p म्हणजे जिंकण्याची शक्यता, q म्हणजे हरण्याची, आणि b म्हणजे जिंकल्यास लावलेल्या रुपयामागे मिळणारा नफा. f हा भांडवलाचा हिस्सा. आपल्या नाण्यात रुपयाला रुपया मिळतो, म्हणून ०.६ मधून ०.४ वजा केले की ०.२ उरतात; हेच ते २० टक्के. नाणे अगदी सरळ असले, पण जिंकल्यास रुपयाला दोन रुपये मिळत असले, तर ०.५ मधून ०.५ चे अर्धे, म्हणजे ०.२५ जातात आणि २५ टक्के हे उत्तर येते. उत्तर शून्य किंवा उणे आले तर त्याचा अर्थही सरळ आहे: या डावात काहीच लावू नये.

हा शेवटचा अर्थ आपल्याकडे फार लोकांनी लक्षात घ्यावा असा आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला आणि खर्च धरून एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. ब्रोकरेज, कर आणि इतर खर्च वजा जाता ज्याची बाजू उणे आहे, त्याच्यासाठी किती लॉट घ्यायचे याचे सूत्राने दिलेले उत्तर शून्य आहे. रक्कम कमी-जास्त करून उणे डाव अधिक होत नाही.

बाजू खरोखर अधिक असेल तर काय होते, हे एडवर्ड थॉर्पने दाखवले. हा गणिताचा प्राध्यापक एमआयटीत असताना त्याने ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात वाटलेली पाने लक्षात ठेवून आपली बाजू केव्हा वरचढ होते ते शोधले. शॅनन तेव्हा एमआयटीतच होता. केलीचा लेख वाच, असे त्याने थॉर्पला सुचवले. ब्लॅकजॅकमध्ये वरचढपणा मिळतो तो शेकडा एक-दोन, क्वचित थोडा अधिक. त्यामुळे थॉर्प जवळपास तेवढेच टक्के लावी, आणि बाजू उणे असताना अगदी किमान. १९६१ साली नेवाडात तो १०,००० डॉलर घेऊन खेळायला बसला आणि ते त्याने दुपटीच्या वर नेले. पुढे त्याने हीच शिस्त शेअर बाजारातल्या आपल्या फंडात वापरली.

ही शिस्त हाताळताना कशी असते? १०,००० रुपये आहेत, २० टक्के म्हणजे २,००० लावले आणि हरलो. उरले ८,०००. पुढचा डाव २,००० चा नाही, १,६०० चा. पुन्हा हरलो, उरले ६,४००, आता १,२८०. जिंकत गेले की रक्कम आपोआप वाढते, हरत गेले की आपोआप आक्रसते. बाजारात अनेकांचा हात नेमका उलटा चालतो. तोट्यातला शेअर आणखी घेऊन 'ॲव्हरेज' केला जातो, गेलेले पैसे एका फटक्यात परत आणायला पुढची क्वांटिटी दुप्पट केली जाते. म्हणजे भांडवल घटत असताना त्यातला हिस्सा वाढत जातो आणि माणूस न कळत टेकडीच्या पलीकडच्या उतारावर पोचतो.

गुंतवणूक मात्र नाण्यासारखी नसते. तिथे हरलो तरी लावलेले सगळे सहसा जात नाहीत. त्यासाठी सूत्राला थोडा विस्तार लागतो.

f = p/a − q/b

यात a म्हणजे तोटा झाला तर रुपयातला किती भाग जातो, आणि b म्हणजे नफा झाला तर रुपयामागे किती मिळतात. समजा, एखादी गुंतवणूक वर्षाला समान शक्यतेने ४० टक्के वाढते किंवा ३० टक्के घसरते. सरासरी काढली तर वर्षाला ५ टक्के नफा दिसतो आणि ऐकणाऱ्याला बरे वाटते. पण सगळे पैसे त्यात ठेवले आणि एक वर्ष चांगले, एक वाईट गेले, तर १०० चे १४० आणि १४० चे ९८ होतात. दोन वर्षांत दोन टक्के गेले, आणि असेच जात राहणार. सूत्र सांगते ०.५ भागिले ०.३, वजा ०.५ भागिले ०.४, उत्तर सुमारे ४२ टक्के. तेवढेच यात ठेवायचे, बाकीचे बाजूला रोख, आणि वर्ष संपले की पुन्हा ४२ टक्क्यांवर आणायचे. मग चांगल्या वर्षी एकूण भांडवल १०० चे ११६.७ होते, वाईट वर्षी त्याचे १०२.१. तीच गुंतवणूक, तीच दोन वर्षे. पूर्ण पैसे लावणारा घटला, निम्म्याहून कमी लावणारा वाढला.

आता या सूत्राची दुखरी जागा. त्याला शक्यता ठाऊक लागते, आणि नाण्याबाहेरच्या जगात ती ठाऊक नसते, अंदाजाने धरावी लागते. समजा, एका ट्रेडरने आपल्या पद्धतीचे मागचे १०० सौदे तपासले आणि ६० यशस्वी निघाले. त्याने ६० टक्के धरून २० टक्के लावायला सुरुवात केली. पण पद्धतीची खरी ताकद ५५ टक्केच असेल तर? ५५ टक्क्यांच्या नाण्याने शंभरात ६० किंवा जास्त छापे पडणे मुळीच दुर्मीळ नाही. पाच-सहा वेळांत एकदा ते होतेच. आणि ५५ टक्क्यांसाठी योग्य हिस्सा १० टक्के आहे. म्हणजे हा माणूस दुप्पट लावतो आहे. शंभर सौद्यांत ५५ जिंकूनही त्याच्या १०,००० चे सुमारे ९,९०० होतात. १० टक्के लावले असते तर १६,५०० झाले असते. अंदाजातली पाच टक्क्यांची चूक सगळी वाढ खाऊन टाकते, आणि ती चूक शंभर सौद्यांच्या नोंदींवरून ओळखता येत नाही.

दुसरी अडचण मनाची. अंदाज अगदी अचूक असला तरी पूर्ण केली हिस्सा लावणाऱ्याचे भांडवल कधी ना कधी सुरुवातीच्या निम्म्यावर येण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास असते. तो माणूस नियमाने वागत असतो, चूक काहीच नसते, आणि तरी पासबुकात अर्धी रक्कम दिसते. अशा वेळी नियम धरून राहणारे फार थोडे.

म्हणून जाणकार बहुधा निम्मा केली वापरतात. आपल्या नाण्यात २० ऐवजी १० टक्के. टेकडीचा माथा रुंद आणि गोलसर असल्यामुळे त्यात फारसे गमवावे लागत नाही. वाढीचा वेग पूर्ण हिश्शाच्या तीन चतुर्थांश राहतो. भांडवल निम्म्यावर येण्याची शक्यता मात्र दोनात एक होती, ती आठात एकच्या आसपास येते. शिवाय शक्यता थोडी जास्त धरली गेली असली तरी माणूस टेकडीच्या अलीकडच्याच उतारावर राहतो. माथ्याच्या अलीकडे चुकलो तर वाढ हळू होते, पलीकडे चुकलो तर वाढ मंदावते आणि धोकाही वाढतो. दोन्ही चुका सारख्या नाहीत.

सगळ्यांना हे सूत्र मान्य होते असे नाही. अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएल्सन यांनी अनेक वर्षे त्याला विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की सर्वांत वेगवान वाढ हेच प्रत्येकाचे ध्येय असावे, असे कोणी ठरवले? काळ कितीही लांब असला तरी वाईट नशिबाची शक्यता शून्य होत नाही, आणि त्या नुकसानीची धास्ती माणसागणिक वेगळी असते. १९७९ साली त्यांनी हा मुद्दा अशा लेखात मांडला की त्यातला शेवटचा एक शब्द सोडला तर बाकी सगळे शब्द एकेका अवयवाचे होते, विरोधकांना नीट कळावे म्हणून. मुद्दा रास्त आहे. दोन वर्षांनी मुलीच्या शिक्षणाची फी भरायची आहे, त्या पैशांना 'दीर्घकाळ' नसतो. सूत्र कमाल हिस्सा सांगते. त्याच्या अलीकडे कुठे थांबायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. त्याच्या पलीकडे गेले तर मात्र धोका वाढतो आणि वाढ घटते.

नाण्याचा खेळ मांडणारे हगानी पूर्वी लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या अमेरिकी फंडाचे संस्थापक भागीदार होते. फंडात मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन होते, ज्यांना १९९७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. १९९८ च्या सुरुवातीला फंडाकडे स्वतःच्या एका डॉलरमागे सुमारे पंचवीस डॉलरची मालमत्ता होती, बाकीचे पैसे उसने. अशा उभारणीत मालमत्ता ४ टक्के घसरली की स्वतःचे भांडवल संपते. सौदे जगभर पसरलेले होते, एकमेकांशी संबंध नसलेले वाटत होते. ऑगस्टमध्ये रशियाने कर्जफेड थांबवली आणि बाजार घाबरला तेव्हा ते सगळे एकाच दिशेने कोसळले. वेगवेगळे समजलेले अनेक छोटे डाव खरे तर एकच मोठा डाव होता. काही महिन्यांत ४.६ अब्ज डॉलर गेले. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने १४ वित्तसंस्थांनी ३.६ अब्ज घालून फंड ताब्यात घेतला. भागीदारांनी स्वतःचीही मोठी संपत्ती त्यात ठेवली होती. अठरा वर्षांनी हगानींनी ६१ जणांना २५-२५ डॉलर देऊन खेळायला बसवले आणि प्रत्येक फेकीला कोण किती लावतो, याची नोंद ठेवली.